ट्रॅक्टरचा सेल्फ नुसता ‘टक्’ करतो तेव्हा

नांगरटीच्या ऐन घाईत चावी फिरवावी आणि इंजिन फिरायच्या ऐवजी नुसता ‘टक्’ आवाज यावा, हे अनेकींनी अनुभवलंय. लगेच कुणीतरी सांगतं, बॅटरी गेली, नवी आणा. बॅटरी स्वस्त नाही, म्हणून आधी थोडं तपासू या.

ट्रॅक्टर न्यूट्रलला ठेवा, हँडब्रेक लावा आणि इंजिन बंद करायची दांडी ओढून ठेवा, म्हणजे ते अचानक चालू होणार नाही. आता हेडलाइट लावून एकीनं चावी फिरवायची, दुसरीनं ऐकायचं. दिवे मंदावले आणि ‘टकटकटक’ असा भराभर आवाज आला, तर बॅटरी उतरलीय किंवा जोड ढिला आहे. दिवे तसेच लख्ख आणि एकच जोरदार ‘टक्’, तर वीज मोटरपर्यंत पोचतच नाही.

पुढचं काम मीटरचं. साधा मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. आमच्या शेजारच्या ट्रॅक्टरचंच बघा. बॅटरीवर १२.५ व्होल्ट होते आणि चावी फिरवल्यावर १२.२. बॅटरी कमजोर असती तर आकडा ९ च्याही खाली गेला असता. म्हणजे बॅटरीवर आळ नको.

मग केबल. मीटरची एक सुई बॅटरीच्या शिशाच्या खुंटीवर, दुसरी तिच्यावरच्या चिमट्यावर, आणि चावी फिरवायची. आकडा जवळजवळ शून्य हवा. एखादा व्होल्ट दिसला तर मधे पांढरा-हिरवा क्षार बसलाय. तो खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं धुऊन, पॉलिश पेपरनं घासायचा. काढताना वजा केबल आधी, लावताना शेवटी. अर्थिंगही असंच, वजा खुंटी ते सेल्फच्या उघड्या लोखंडापर्यंत तपासायचं. अर्थिंगचा बोल्ट रंगावर किंवा गंजावर घट्ट केलेला असतो, आणि तिकडं कुणी बघत नाही.

शेजारी दोन्हीकडं ०.१ आलं. उरला सोलेनॉइड, सेल्फच्या पाठीवरचा छोटा डबा. त्यावर दोन जाड बोल्ट असतात, एकावर बॅटरीची केबल, दुसऱ्यावरून मोटरला जाणारी पट्टी. ‘टक्’ झाला की आतली तांब्याची चकती हे दोन बोल्ट जोडते. तेव्हा दोन्ही बोल्टांमधला आकडा शून्याजवळ यायला हवा. इथं १२ आले. चकती पुढं सरकत होती, पण जळून काळी पडल्यानं वीज अडत होती. सोलेनॉइड बदलला आणि सेल्फ फिरला. आकडा शून्याजवळ आला असता आणि तरी मोटर फिरली नसती, तर सेल्फ खोलायला दुकानात न्यावा लागला असता.

काहीजण पान्यानं ते दोन बोल्ट जोडून सेल्फ फिरवतात. तसं करू नका. त्यात न्यूट्रलचा सेफ्टी स्विच बाजूला पडतो, आणि ट्रॅक्टर गियरमध्ये राहिला असेल तर तो समोर उभ्या माणसाच्या अंगावर जातो.