दोन मापं : नोझलची धार आणि पट्ट्याची रुंदी
(बारामती व इंदापूर तालुक्यांतील गटांच्या ड्रोन चालवणाऱ्या ताई आणि त्यांच्या सहायक ताईंसाठी झालेल्या शिबिरातील भाषणाचा मजकूर)



आज मी ड्रोन उडवायचा कसा ते सांगणार नाही. 15 दिवसांच्या प्रशिक्षणात ते तुम्ही शिकून आलात. आज बोलायचंय ते उडवायच्या आधी करायच्या दोन मापांबद्दल. प्रत्येक नोझलमधून मिनिटाला किती पाणी पडतं, हे पहिलं माप. ड्रोनची एक फेरी जमिनीवर किती रुंद पट्टा भिजवते, हे दुसरं. ही दोन मापं चुकली की बाकी सगळं बरोबर असूनही फवारणी पट्ट्यापट्ट्यांची होते.

आधी एक गोष्ट समजून घेऊ. पाठीवरच्या पंपानं आपण एकरी साधारण 200 लिटर पाणी मारतो. ड्रोननं मारतो 10 लिटर. औषधाची एकरी मात्रा मात्र तीच. म्हणजे ड्रोनच्या टाकीतलं द्रावण वीसपट कडक असतं. पाठीच्या पंपानं दोनदा हात फिरला तर पान ओलंगच्च होतं आणि जास्तीचं पाणी निथळून जातं. ड्रोनचे दोन पट्टे एकमेकांवर चढले तर तिथं निथळत काही नाही, दुप्पट कडक औषध पानावरच बसतं आणि पान करपतं. पट्टे लांब पडले तर मधल्या ओळीत कीड तशीच राहते. आठ दिवसांनी शेतकरी बांधावर उभा राहिला की त्याला ते लांबूनच दिसतं. पुढच्या वेळी तो गटाला बोलावत नाही, आणि ड्रोनच्या कर्जाचा हप्ता तर आपल्यालाच भरायचा असतो.

आता पहिलं माप. टाकीत साधं स्वच्छ पाणी भरा, औषध नाही. ड्रोन स्टँडवर किंवा दोन पेट्यांवर ठेवा. पाती काढून ठेवा किंवा मोटारी बंदच राहतील याची खात्री करा. ॲपमधून फक्त फवारणीचा पंप चालू करा. नळीतली हवा निघून धार सारखी पडेपर्यंत थांबा. मग चारही नोझलखाली चार सारखी भांडी एकदम धरा आणि मोबाईलवर एक मिनिट लावा. मिनिट झालं की पंप बंद करा आणि प्रत्येक भांड्यातलं पाणी मापाच्या जारनं वेगवेगळं मोजा. अंदाजानं नाही, जार डोळ्याच्या रेषेत धरून.

आज सकाळी मैदानात आपण मोजलं तेव्हा आकडे आले असे: 600, 590, 480 आणि 610 मिलिलिटर. आता बघा, चारही मिळून 2,280 होतात, म्हणजे सरासरी 570. नियम सोपा आहे. कुठलंही नोझल सरासरीपेक्षा दहा टक्क्यांहून कमी-जास्त असता कामा नये. 570 चे दहा टक्के 57, म्हणजे 513 ते 627 च्या आत पाहिजे. तिसरं नोझल 480 वर अडकलंय. एकूण बेरीज बघून हे कळलं नसतं. म्हणून चार भांडी वेगळी मोजायची.

कमी धार म्हणजे बहुतेक वेळा आतली जाळी तुंबलेली. नोझल उघडा, जाळी पाण्यात धुवा, मऊ टूथब्रशनं साफ करा. सुई किंवा तार भोकात घालू नका. भोक एका बाजूला झिजलं की धार वाकडी पडते आणि ते नोझल कायमचं वाया जातं. तोंडानं फुंकायचं तर अजिबात नाही, त्यात औषध असतं. आपण जाळी धुतली आणि तिसरं नोझल 590 वर आलं. काम झालं.

याच्या उलटंही होतं. पाण्यात न विरघळता मिसळणाऱ्या पावडरची औषधं वाळूसारखी घासतात आणि भोक हळूहळू मोठं होतं. मग धार वाढते. जुन्या नोझलची धार त्याच दाबावर नव्या नोझलपेक्षा दहा टक्क्यांनी जास्त झाली की ते बदलायचं. त्याला साफसफाईचा उपयोग नाही. आणि शक्यतो चारही एकदम बदला, म्हणजे सगळ्यांची झीज सारखी राहते. तुमच्या ड्रोनला नोझलऐवजी फिरत्या चकत्या असतील तर चकती थांबवून, तिच्या नळीखाली भांडं धरून हेच माप घ्यायचं.

दुसरं माप पट्ट्याचं. कंपनीच्या पुस्तकात चार मीटर लिहिलेलं असतं. पण पट्टा उंचीवर, वेगावर आणि नोझलवर अवलंबून असतो. तेव्हा आपल्या ड्रोनचा पट्टा आपणच मोजायचा.

यासाठी पाण्याचा थेंब पडला की पिवळ्याचा निळा होणारा कागद मिळतो. तो नसेल तर टाकीत खाण्याचा गडद रंग टाका आणि साधे पांढरे कागद वापरा. उघड्या रानात किंवा हरभऱ्यासारख्या बुटक्या पिकात दोरी आडवी ताणा आणि मधल्या खुणेपासून दोन्हीकडे दर अर्ध्या मीटरला एक कागद ठेवा, तीन-तीन मीटरपर्यंत. कागद उडू नये म्हणून कोपऱ्यावर खडा ठेवा. आता ड्रोन दोरीला काटकोनात, बरोबर मधल्या खुणेवरून न्यायचा. उंची आणि वेग तोच, जो तुम्ही शेतात वापरता. आज आपण दोन मीटर उंची आणि सेकंदाला चार मीटर वेग ठेवला होता. वाऱ्याच्या तोंडाकडे उडा, वारा आडवा असेल तर सगळा पट्टाच बाजूला सरकतो आणि माप खोटं येतं. दोरीच्या बऱ्याच आधी पंप सुरू करा म्हणजे दोरीवरून जाताना वेग आणि धार दोन्ही स्थिर असतील. अशा तीन फेऱ्या, प्रत्येक वेळी नवे कागद, आणि शेवटी सरासरी.

मोजायचं कसं? पुठ्ठ्याला एक सेंटिमीटर चौकोनी भोक पाडा, कागदावर ठेवा आणि आतले थेंब मोजा. डोळ्याला त्रास होत असेल तर मोबाईलनं फोटो काढून मोठा करून मोजा. सकाळचे आपले आकडे सांगते. मध्यभागी 32 थेंब. डावीकडे अर्ध्या मीटरवर 33, एक मीटरवर 30, दीडवर 22, दोनवर 11, अडीचवर 4. उजवीकडे 31, 29, 20, 12 आणि 3. म्हणजे मध्ये भरपूर आणि कडेला विरळ. हे असंच असतं, यात ड्रोनचा दोष नाही. म्हणून तर फेऱ्या एकमेकींवर थोड्या चढवाव्या लागतात.

आता खरी युक्ती. मधल्या आकड्याच्या निम्मे थेंब जिथं पडतात ती जागा दोन्ही बाजूंना शोधा. 32 चे निम्मे 16. डावीकडे ती दीड आणि दोन मीटरच्या मध्ये येते, पावणेदोनच्या आसपास. उजवीकडेही तेवढीच. दोन्ही मिळून साडेतीन मीटर. हेच दोन फेऱ्यांमधलं अंतर. कारण एका फेरीची निम्मी कड आणि शेजारच्या फेरीची निम्मी कड मिळून पूर्ण होते. ताळा करून बघा: एका फेरीच्या उजवीकडे दीड मीटरवरचे 20 आणि शेजारच्या फेरीच्या डावीकडे दोन मीटरवरचे 11, मिळून 31. जवळजवळ मध्याइतकेच!

पुस्तकातले चार मीटर धरले असते तर? मधोमध 12 आणि 11 मिळून 23 थेंब पडले असते, 32 च्या जागी. म्हणजे दर चार मीटरला एका ओळीत पाऊण मात्रेपेक्षाही कमी. तोच तो पट्टा, जो आठवड्यानं बांधावरून दिसतो.

आता दोन्ही मापं जोडू. सेकंदाला चार मीटर वेग आणि साडेतीन मीटर पट्टा, म्हणजे सेकंदाला 14 चौरस मीटर, मिनिटाला 840. एक गुंठा साधारण 101 चौरस मीटर, तेव्हा मिनिटाला सव्वाआठ गुंठे. चाळीस गुंठ्यांना लागली पावणेपाच मिनिटं, थोडं वर. एवढ्या वेळात 10 लिटर संपले पाहिजेत, म्हणजे मिनिटाला सुमारे 2,080 मिलिलिटर. चार नोझलांत भागलं की प्रत्येकी 520. आपली नोझल तर 600 च्या आसपास देत होती! पट्टा चारचा साडेतीन केला आणि धार तशीच ठेवली, तर एकरात साडेअकरा लिटर जाईल. पट्टे सारखे दिसतील, पण सगळ्या शेतात मात्रा जास्त.

म्हणून पट्टा बदलला की धार बदलायची. बऱ्याच ड्रोनमध्ये ॲपमध्ये एकरी लिटर, वेग आणि फेऱ्यांमधलं अंतर भरलं की पंप आपोआप कमी होतो. तरी जार घेऊन पुन्हा एकदा मोजा. ॲप सांगतं ते नाही, भांड्यात पडतं ते खरं. आणि धार फार बदलली तर थेंबांचा आकारही बदलतो, तेव्हा कागदाची एक फेरी परत घ्या.

शेवटचा ताळा शेतातच. टाकीत मोजून 10 लिटर साधं पाणी घ्या, ॲपवर बरोबर 20 गुंठे आखा आणि फवारा. खाली उतरवून उरलेलं पाणी मोजा. पाच लिटरच्या आसपास उरलं तर माप बसलं. चार उरलं तर जास्त जातंय, सहा उरलं तर कमी. क्षेत्र सातबाऱ्यावरचं धरू नका, त्यात बांध, विहीर, पाट सगळं येतं. ॲपवर पिकाची हद्द फिरून घ्या.

एक मर्यादाही लक्षात ठेवा. बुटक्या पिकावर बसवलेलं माप उंच उसाला तसंच लागू होत नाही. उंची पिकाच्या शेंड्यापासून धरायची, जमिनीपासून नाही. तुऱ्याला आलेल्या उसावर जमिनीपासून दोन मीटर म्हटलं तर ड्रोन उसातच शिरेल. शेंड्यापासून दोन मीटर ठेवलं तर पट्टा साधारण तोच राहतो, पण औषध वरच्या पानांवरच जास्त बसतं, खोडापर्यंत कमी पोचतं. खोडाजवळच्या किडीसाठी शेतकऱ्याला हे आधीच सांगा. आणि शेजारी द्राक्ष किंवा डाळिंब असेल तर बांधाजवळची फेरी वारा पडल्यावरच घ्या. उसातल्या तणनाशकाचा उडालेला थेंबही द्राक्षाच्या पानाला चालत नाही.

धारेचं माप काम सुरू असताना आठवड्यातून एकदा, पावडरचं औषध मारल्यावर लगेच, आणि नोझल बदललं की. पट्ट्याचं माप हंगामाच्या सुरुवातीला, आणि उंची, वेग किंवा नोझल बदललं की. गटाच्या वहीत ड्रोनसाठी एक पान ठेवा. तारीख, चार नोझलांचे चार आकडे, पट्टा, उंची, वेग, एकरी लिटर. सही चालवणाऱ्या ताईची आणि मोजणाऱ्या सहायक ताईची. शेतकऱ्यानं विचारलं, “ताई, माझ्या रानात नक्की किती गेलं?” तर ती वही उघडून दाखवता आली पाहिजे.

जार आणि कागद बाहेर टेबलावर ठेवलेत. चहानंतर प्रत्येक गटानं आपापल्या ड्रोनचं पहिलं माप इथंच करून जायचंय.