ठुशीची चमक शब्दांत मागताना

आमच्या गटाच्या ठुशीच्या पोस्टरसाठी आम्ही मोबाइलवर एआयकडून चित्र करून घेतो. नुसतं 'चमकदार ठुशी' लिहिलं, की मण्यामण्यावर चांदण्या फुटतात आणि घडण झाकली जाते. म्हणून चमक न मागता उजेड सांगायचा. आम्ही असं लिहितो: 'सोनेरी ठुशी, अगदी जवळून. डावीकडून, पांढऱ्या पडद्याआडून येणारा एकच मऊ उजेड. प्रत्येक मण्यावर एक बारीक उजळ ठिपका. खाली काळी गुळगुळीत काच, तिच्यात ठुशीचं फिकट प्रतिबिंब. मागे अंधार.'

'चांदण्या नकोत' असं मात्र लिहू नका. नाव घेतलं की कधीकधी त्याच उमटतात.

चित्र आलं की दोन गोष्टी बघा. सगळे ठिपके मण्यांच्या डाव्या अंगाला हवेत, आणि वरच्या मण्याखाली त्याचंच प्रतिबिंब हवं. प्रतिबिंब फार ठळक आलं, तर काचेऐवजी 'किंचित खरबरीत काळा दगड' लिहा. ते पुसट होतं. एका वेळी एकच वाक्य बदला, म्हणजे फरक कशानं पडला ते कळतं.

एआय मणी मनानं घालतं. म्हणून हे चित्र पोस्टरपुरतंच. गिऱ्हाइकाला दाखवायला आपल्या ठुशीचा खरा फोटोच हवा, नाहीतर माल परत येईल.