एकाएकी सुधारलेला निबंध



गेल्या पावसाळी सत्रात माझ्या हातून एक चूक झाली. ती आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचे बोलणे सोपे जाईल. पहिल्या वर्षाच्या वर्गाला मी जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत दर महिन्याला एक, असे चार निबंध लिहावयास देतो. एका मुलाला पहिल्या तीन निबंधांत दहापैकी तीन, चार आणि पुन्हा चार गुण पडले होते. चौथा निबंध होता ‘आमची विहीर’. तो वाचताना मी थबकलो. विहीर खणताना मुरूम संपून काळा पाषाण कसा लागला, सुरुंगाचा आवाज झाल्यावर आजी देवघरातून बाहेर कशी आली, पाणी लागले त्या रात्री वडील काठावरच कसे झोपले, सारे काही डोळ्यांसमोर उभे राहत होते. मी आठ गुण दिले, आणि वही परत करताना भर वर्गात विचारले, “का रे, हे कोणी लिहून दिलं?” मुलगा मान खाली घालून उभा राहिला. दुसऱ्या दिवशी तो आला नाही. तिसऱ्याही दिवशी आला नाही.

तेव्हा मी जे काम आधी करायला हवे होते, ते केले. त्याचे चारही निबंध शेजारी शेजारी मांडून बसलो.

शिक्षक बंधुभगिनींना ठाऊकच आहे की ‘विहीर’ हा शब्द मोठा फसवा आहे. एकटा असताना त्यातला ‘ही’ दीर्घ, पण प्रत्यय लागला की तो ऱ्हस्व होतो, ‘विहिरीत’, ‘विहिरीला’. जुलैच्या निबंधात या मुलाने ‘विहीरीत’, ‘फूलांचा’ असे लिहिले होते. हा नियम मी ऑगस्टमध्ये फळ्यावर शिकवला. सप्टेंबरच्या निबंधात पहिल्या पानावर असे शब्द बरोबर होते आणि शेवटच्या पानावर, हात थकल्यावर, पुन्हा चुकले होते. आता ऑक्टोबरचा निबंध पाहा. ‘विहिरीत’, ‘विहिरीला’ सगळीकडे बरोबर. पण जिथे शब्द एकटा आहे तिथेही त्याने ‘विहिर’ असे ऱ्हस्वच लिहिले होते! शिकलेला नियम गरजेपेक्षा जास्त ठिकाणी लावला होता. ही चूक जुलैत नव्हती. ती माझ्याच शिकवण्यातून जन्मली होती. दुसऱ्या कोणाचा सराईत हात असता तर त्याने ती केली नसती.

वाक्यांचेही तसेच. पूर्वी तो चार-पाच शब्दांची वाक्ये लिही. आता त्याने ‘ज्या दिवशी’, ‘जेव्हा’ अशी लांब वाक्ये सुरू केली होती, आणि त्यांतली तीन मध्येच सोडून दिली होती; ‘ज्या’ला ‘त्या’ भेटतच नव्हता. ‘आणी’ हा दीर्घ ‘णी’चा शब्द मात्र चारही निबंधांत जसाच्या तसा.

खरी सुधारणा ही अशी असते. ती सगळ्या अंगांनी एकदम येत नाही. एक चूक जाते, दुसरी राहते, तिसरी नवीन येते, कारण मूल पूर्वी जे करून पाहत नव्हते ते आता करून पाहते. मग गुण एकदम का वाढले? कारण विषय त्याच्या घरचा होता. सप्टेंबरचा विषय होता ‘वेळेचे महत्त्व’. त्यावर त्याच्याजवळ सांगण्यासारखे काहीच नव्हते. (माझ्याजवळही फारसे नाही.) लेखणी तीच होती, पण या वेळी तिला सांगायला काहीतरी मिळाले होते. गुणांचा आकडा एवढे सांगत नाही, म्हणून केवळ आकड्यावरून संशय घेऊ नये.

त्याच महिन्यात दुसऱ्या तुकडीतील एका मुलाचे गुणही पाचावरून आठावर गेले होते. एकदा पोळल्यामुळे मी काही बोललो नाही, त्याचेही चार निबंध मांडले. इथे चित्र निराळे होते. सप्टेंबरमध्ये ज्या सात प्रकारच्या चुका होत्या, त्यांतली ऑक्टोबरमध्ये एकही उरली नव्हती. आणि नवी चूकही एक नव्हती. शिवाय, आधीच्या तिन्ही निबंधांत हा मुलगा ‘पण’ आणि ‘म्हणून’ लिही. चौथ्यात एकही ‘पण’ नाही. सगळीकडे ‘परंतु’ आणि ‘त्यामुळे’.

हे बारके शब्द मोठे बोलके असतात. विषय बदलला की नामे आणि क्रियापदे बदलतात. ‘पण’, ‘आणि’, ‘तर’ हे मात्र लिहिणाऱ्याच्या नकळत पडत राहतात. अमेरिकेत १७८७ आणि १७८८ साली नव्या राज्यघटनेच्या बाजूने टोपणनावाने लेख निघाले. त्यांतले बारा लेख हॅमिल्टनचे की मॅडिसनचे, हा वाद पुढे दीडशे वर्षांहून जास्त चालला. मोस्टेलर आणि वॉलेस या दोघा संख्याशास्त्रज्ञांनी अशाच बारक्या शब्दांची मोजदाद केली आणि ते लेख मॅडिसनचे असावेत असा निष्कर्ष १९६४ साली पुस्तकरूपाने मांडला. पण त्यांच्यापुढे दोघांचेही भरपूर लेखन होते. आपल्यापुढे एका मुलाची जेमतेम दहा-बारा पाने असतात. तेवढ्यावरून मोजणी करून निकाल देता येत नाही. वर्गात ‘परंतु’ शिकवला असेल, किंवा मुलाने सुट्टीत एखादे पुस्तक मन लावून वाचले असेल, तरीही असे होऊ शकते. म्हणून शब्दांवरून फक्त एवढेच ठरवावे की आणखी पाहायला हवे.

मी पुढे पाहिले ते असे. सगळ्याच वर्गाला, कोणा एकाला नव्हे, जवळच्या विषयावर वीस मिनिटे वर्गातच लिहायला लावले. इथे एक सावधगिरी हवी. वर्गात घाईने लिहिलेले घरच्यापेक्षा नेहमीच उणे उतरते. तेव्हा गुणांची तुलना करू नये, लिहिण्याची जात पाहावी. विहिरीच्या मुलाने वर्गातही तशीच लांब वाक्ये धरली आणि तशीच अर्धी सोडली. (तो चौथ्या दिवशी आला होता.) दुसऱ्याच्या पानावर मात्र ‘पण’ परत आला होता, आणि सातही चुका परत आल्या होत्या.

त्याला मी एकट्याला बोलावले. कोणी लिहिले, हे विचारलेच नाही. कच्चा खर्डा मागितला, तो नव्हता. पण ज्याच्या घरी कोरा कागद जपून वापरतात त्याच्याकडे खर्डा नसतो, एवढ्यावरून काही ठरत नाही. मग विचारले, “यातलं कुठलं वाक्य तू आधी निराळं लिहिलं होतंस? काय खोडलंस?” ज्याने लिहिले त्याला शब्दांचे अर्थ घाबरून आठवणार नाहीत, पण खोडलेले आठवते. विहिरीचा मुलगा एका दमात सांगून गेला होता की सुरुंगाचा भाग त्याने आधी शेवटी ठेवला होता. हा मुलगा बराच वेळ कागदाकडे पाहत राहिला आणि म्हणाला, “सर, मामांनी सांगितलं, मी उतरवलं.”

मामांच्या जागी उद्या छापील मार्गदर्शक असेल, मोबाईल असेल. पाहण्याची रीत तीच राहील. त्या निबंधाचे गुण मी धरले नाहीत, पुन्हा लिहून आण म्हटले. आणलेल्याला साडेपाच पडले, आणि त्यात एक नवी चूक होती.

पहिल्या मुलाची क्षमा मी भर वर्गातच मागितली, कारण विचारलेही तिथेच होते. तो उभा राहिला, जरा घुटमळला आणि म्हणाला, “सर, एकटी विहीर आता मी दीर्घच लिहितो.”