पांढरी भिंत, सावळा चेहरा

सेलूतल्या घरून व्हिडिओ कॉलला बसताना आपण आवर्जून पांढरा खादीचा कुर्ता घालतो, मागे चुन्याची पांढरी भिंत असते, आणि पडद्यावर चेहरा मात्र काळवंडलेला दिसतो. दोष रंगरूपाचा नाही. मोबाईलचा कॅमेरा बहुधा सगळ्या चौकटीचा सरासरी उजेड मोजतो. पांढरं जास्त दिसलं की उजेड फार झाला समजून तो चित्रच गडद करतो, अन् चेहरा त्यात बुडतो.

उपाय घरातच आहे. मागे बिनधुतल्या खादीची, म्हणजे फिकट बदामी रंगाची चादर लावा, किंवा राखाडी. अंगात गडद निळा वा मेंदी रंगाचा सदरा घाला. कपडा भिंतीच्याच रंगाचा नको, नाहीतर मुंडकंच तरंगताना दिसतं! बारीक चौकडाही टाळा, तो पडद्यावर लहरतो.

भिंत पोपटी असेल तर तीनेक फूट पुढे सरका, कारण जवळ बसलं की तिची हिरवी झाक गालावर पडते. खिडकी मात्र तोंडासमोर हवी. ती पाठीमागे असेल, तर कोणताही रंग उपयोगाचा नाही.