गाठ काढली, आता पोटॅशियम उलटं का वाढलं?

(भागाचं शब्दांकन. बोलण्यातले शब्द शक्यतो तसेच ठेवले आहेत.)

मागच्या भागात आपण अॅड्रिनलच्या त्या छोट्याशा गाठीबद्दल बोललो होतो. अल्डोस्टेरॉन नावाचं हार्मोन ती बेसुमार सोडते, त्यामुळे बीपी चढतं आणि पोटॅशियम घसरतं. त्यावर बऱ्याच जणांनी विचारलं, "गाठ काढली की बरं होतं ना?" याचं उत्तर 'हो' असंच आहे, पण 'बरं होणं' म्हणजे काय हे आधी ठरवावं लागतं. शिवाय ऑपरेशननंतरचे पहिले काही आठवडे जरा फसवे असतात. आज मुख्यतः त्या आठवड्यांबद्दल बोलतो.

एका काकांची गोष्ट सांगतो. ओळख पटू नये म्हणून दोन-तीन पेशंटच्या हकिकती एकत्र केल्यात. वय ५४, बीपी चौदा वर्षांपासून, चार गोळ्या चालू. पोटॅशियम २.९, म्हणजे कमी, कारण साधारण ३.५ ते ५ हवं. पाय गळून जायचे, जिना चढताना मध्येच बसावं लागायचं. पोटॅशियमचं सिरप चालू होतं, जोडीला रोज नारळपाणी. तपासण्या झाल्या, दोन्ही अॅड्रिनलच्या शिरांमधून रक्त घेऊन पाहिलं, दोष डाव्या बाजूला निघाला. दुर्बिणीतून डावी ग्रंथी काढली. तिसऱ्या दिवशी काका घरी.

बाराव्या दिवशी काकूंचा फोन. "डॉक्टर, यांचे पाय पुन्हा तसेच गळतायत. जुनाच आजार उलटला वाटतं. म्हणून काल रात्री आणि आज सकाळी उरलेल्या बाटलीतलं सिरप दिलं."

मी म्हटलं, "काकू, सिरप आधी बंद करा आणि आत्ताच्या आत्ता दवाखान्यात या."

पोटॅशियम ६.३ निघालं. ईसीजीमध्ये टी-वेव्ह उंच, टोकदार झालेल्या. पोटॅशियम कमी झालं तरी स्नायू गळतात आणि फार वाढलं तरी गळतात, पेशंटला आतून फरक कळत नाही. पण वाढलेलं पोटॅशियम हृदयाचे ठोके बिघडवू शकतं, आणि वरून सिरप देणं म्हणजे आगीत तेल. रक्त तपासल्याशिवाय हे ओळखता येत नाही, अंदाज चालत नाही.

आता असं का झालं? बिल्डिंगच्या पाण्याच्या टाकीचं उदाहरण घेऊ. टाकी रिकामी व्हायला लागली की वॉचमन मोटर चालू करतो. आपल्या शरीरातला वॉचमन म्हणजे किडनीत तयार होणारं रेनिन, आणि मोटर म्हणजे अॅड्रिनलमधून येणारं अल्डोस्टेरॉन. ते किडनीला सांगतं, मीठ आणि पाणी धरून ठेव, पोटॅशियम बाहेर टाक. आता कुणीतरी चोरून दुसरी मोटर लावली, ती दिवसरात्र चालू. टाकी कायम भरलेली, मग वॉचमन कशाला उठेल? तो झोपतो. वर्षानुवर्षं हुकूम न आल्यामुळे सोसायटीची मूळ मोटरही गंजून जाते. म्हणजे उजवी, चांगली अॅड्रिनलसुद्धा अल्डोस्टेरॉन बनवायचं विसरते.

ऑपरेशनमध्ये आपण चोरटी मोटर एका दिवसात काढून टाकतो. वॉचमन मात्र लगेच जागा होत नाही. रेनिन सावरायला काही आठवडे लागतात, काहींना कित्येक महिने. मधल्या काळात शरीरात अल्डोस्टेरॉन जवळजवळ नसतंच, आणि पोटॅशियम बाहेर टाकणारं कुणी उरत नाही. काकांचं तसंच झालं होतं. रिपोर्टमध्ये रेनिन दबलेलं आणि अल्डोस्टेरॉन मोजता न येण्याइतकं कमी.

दुसरी गोष्ट किडनीची. जास्तीच्या अल्डोस्टेरॉनमुळे किडनीवर दाब असतो, ती ओढूनताणून जास्त गाळते. त्यामुळे रिपोर्ट दिसतो त्यापेक्षा चांगला वाटतो. काकांचं क्रिएटिनिन ऑपरेशनआधी १.१ होतं, आता १.६. ऑपरेशनने किडनी बिघडवली नव्हती. आधीच झालेली झीज त्या दाबाखाली लपली होती, ती उघडी पडली. ज्यांची किडनी आधीच अशी थकलेली असते, त्यांच्यात पोटॅशियम चढण्याची भीती जास्त.

घरी काय काय चालू होतं तेही विचारलं. टेल्मिसार्टन जुन्याच डोसमध्ये चालू होती, आणि ही गोळी पोटॅशियम वाढवते. नारळपाणी चालूच. आणि काकूंनी बीपीसाठी म्हणून 'लो सोडियम' मीठ आणलेलं. मंडळी, त्या पाकिटाच्या मागे वाचा, सोडियम कमी करून त्यात पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. काकूंची यात काहीच चूक नाही. चौदा वर्षं आम्हीच त्यांना सांगत होतो, मीठ कमी, पोटॅशियम जास्त. ऑपरेशनच्या दिवशी हा सल्ला उलटा होतो हे कुणीतरी स्पष्ट सांगायला हवं होतं. डिस्चार्ज कार्डावर 'पूर्वीप्रमाणे औषधं' एवढंच लिहिलेलं होतं. मला त्या दोन शब्दांचा अजून राग येतो.

खरं तर पोटॅशियमचं सिरप आणि स्पायरोनोलॅक्टोन ऑपरेशननंतर दुसऱ्याच दिवशी थांबवायचं असतं. पहिले काही आठवडे जेवणात मीठ नेहमीसारखं, हात न आखडता घ्यायचं, कारण किडनीच्या शेवटच्या नळीपर्यंत सोडियम पोचलं तरच तिथे पोटॅशियम बाहेर पडू शकतं. आणि पहिला महिनाभर दर आठवड्याला पोटॅशियम तपासायचं.

काकांना अॅडमिट केलं. हृदयाच्या संरक्षणासाठी कॅल्शियम, पोटॅशियम पेशींत ढकलण्यासाठी ग्लुकोजबरोबर इन्सुलिन. टेल्मिसार्टन बंद, साधं मीठ सुरू. तरी पोटॅशियम साडेपाचच्या आसपास रेंगाळलं, म्हणून फ्लुड्रोकॉर्टिसोन ०.१ मिलिग्रॅम रोज एक दिलं. ही गोळी अल्डोस्टेरॉनचंच काम करते. काका हसले, "जे काढायला पोट उघडलंत, तेच आता गोळीतून देताय?" मी म्हटलं, काका, वॉचमन उठेपर्यंतच. ही गोळी सगळ्यांना लागत नाही, थोड्याच जणांना लागते. तिसऱ्या महिन्यात अर्धी केली, पाचव्यात बंद. पोटॅशियम ४.६ वर टिकलं.

आता 'बरं झालं का?' हा प्रश्न. पूर्वी प्रत्येक हॉस्पिटल आपापली व्याख्या लावायचं. २०१७ मध्ये पासो नावाच्या आंतरराष्ट्रीय गटाने ती एकसारखी केली. त्यात दोन वेगळे निकाल असतात. पहिला बीपीचा: एकही गोळी न घेता बीपी नॉर्मल, तर पूर्ण यश. गोळ्या कमी झाल्या किंवा तेवढ्याच गोळ्यांत बीपी उतरलं, तर अर्धवट यश. दुसरा रक्ताचा: पोटॅशियम नॉर्मल आणि अल्डोस्टेरॉन-रेनिन रेशो नॉर्मल. अंतिम निकाल सहा ते बारा महिन्यांनी द्यायचा. आधी का नाही, ते वॉचमनच्या झोपेवरून कळलंच असेल.

त्या अभ्यासात ७०५ पेशंट होते. रक्ताच्या निकालात ९४ टक्के पूर्ण यशस्वी. बीपीत पूर्ण यश फक्त ३७ टक्क्यांना, आणखी ४७ टक्क्यांना अर्धवट. तरुण पेशंट आणि बायका यांचा निकाल जास्त चांगला. म्हणजे गाठ जवळपास सगळ्यांची सुटते, पण बीपी सगळ्यांचं सुटत नाही, कारण इतक्या वर्षांत रक्तवाहिन्या कडक झालेल्या असतात, आणि काहींना गाठीशिवायचं, घराण्यातलं बीपीही असतंच.

काका सहाव्या महिन्यात आले. रेशो नॉर्मल. बीपी १३२/८२, चार गोळ्यांची एक झालेली, अॅम्लोडिपिन ५. क्रिएटिनिन १.५ वर थांबलंय, ते तसंच राहणार. म्हणजे रक्तात पूर्ण यश, बीपीत अर्धवट. काकूंना 'अर्धवट' हा शब्द अजिबात आवडला नाही. "जिना एका दमात चढतात, याला अर्धवट म्हणता?" त्यांनी पिशवीतून ती सिरपची बाटली काढून माझ्या टेबलावर ठेवली. "ही तुम्हीच ठेवा."