वर्गाच्या दारावरील कागदी देखावा



स्नेहसंमेलनात दारांच्या सजावटीची स्पर्धा ठेवली, म्हणजे बहुतेक दारांवर पताका, फुले व सुविचार यांची गर्दी होते. पाहणारा थांबतो, पण दाराने काय सांगितले, हे त्याला सांगता येत नाही. म्हणून कात्री हाती घेण्यापूर्वी विषय एका वाक्यात लिहून काढावा. ‘पक्षी’ हा विषय नव्हे. ते केवळ नाव झाले. ‘सुगरण पक्षी पाण्यावर झुकलेल्या फांदीच्या टोकाला घरटे टांगतो, म्हणून साप तेथे सहजी पोहोचत नाही’, हा विषय झाला. नर अर्धे घरटे विणून मादीची पसंती पाहतो, हीही मौजेची गोष्ट; पण ती दुसऱ्या दाराची.

हा देखावा चार थरांत बसतो. तळाला फिकट आकाश व विहिरीचे पाणी. त्यावर दूरच्या राखी टेकड्या. मग बाभळीची गडद फांदी व तिच्या बुंध्याशी साप. सर्वांत पुढे खाकी कागदाच्या पट्ट्या विणून केलेली घरटी. तिसऱ्या थरामागे पुठ्ठ्याचा एकेक तुकडा व चौथ्यामागे दोन-दोन तुकडे लावावेत. त्यामुळे सावली पडते व खोली दिसते. पातळ खळ सबंध पाठीवर लावल्यास कागद फुगतो आणि वाळताना सुरकुततो. म्हणून दाट खळ केवळ या तुकड्यांनाच लावावी. दहा पावलांवरून डोळे अर्धे मिटून पाहावे. घरटे आकाशात मिसळून गेले, तर रंग बदलावा. तेथेच दुसऱ्या वर्गातील एका मुलास उभे करून चित्राचा अर्थ विचारावा. ‘झाड आणि पक्षी’ एवढेच तो म्हणाला, तर साप व पाणी अधिक ठळक करावे.

दार उघडण्यासाठी असते, हे विसरू नये. दोन फळ्यांच्या सांध्यावर घरटे आणू नये. कडीभोवती व जेथे मुलांचे हात लागतात तेथे जागा मोकळी सोडावी.

परीक्षणाचे गुण आधीच जाहीर करावेत. पन्नासांपैकी विषयाच्या स्पष्टतेस १५, मुलांच्या हातच्या कामास १५, थरांच्या रचनेस १०, जुन्या कागदाच्या वापरास ५ आणि दार नीट उघडण्या-मिटण्यास ५ गुण ठेवावेत. मुलांचे काम कसे ओळखावे? परीक्षकांनी वर्गातील कोणत्याही दोन मुलांना ‘यातील तू काय केलेस?’ असे विचारावे. ज्याने पट्ट्या विणल्या, तो घरट्यावर बोट ठेवून त्या कशा गुंफल्या हे सांगू लागतो. शिक्षकांनी रात्री जागून सजविलेल्या दारापुढे मुले गप्प राहतात. असे दार कितीही देखणे असले, तरी त्या १५ गुणांपैकी त्यास काही देऊ नये. दोन दारांचे गुण सारखे झाल्यास विषयाच्या स्पष्टतेचे गुण पाहून निर्णय द्यावा.