बिलं टाइप करणारी मुलं कुठे गेली?

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळी चहाच्या वेळी बाईंनी मला विचारलं, "आपल्या गावातून बी.कॉम. होऊन पुण्याला जाणाऱ्या मुलांना यापुढे नोकऱ्या मिळतील का गं?" तुमच्यापैकी बऱ्याच जणांची मुलं याच वयाची आहेत. मी ज्या प्रकारची सॉफ्टवेअरं करते, त्यांचा या प्रश्नाशी थेट संबंध आहे. म्हणून एकाच कामाबद्दल बोलते: परदेशी कंपन्यांची खरेदीची बिलं तपासण्याचं काम.

हिंजवडी-खराडीतल्या बीपीओंमध्ये हे काम वर्षानुवर्षं चालत आलं आहे. पुरवठादाराचं बिल ईमेलनं येतं. मुलगा किंवा मुलगी ते उघडून बिल नंबर, तारीख, रक्कम, कर हे सगळं सिस्टिममध्ये टाइप करते. मग तीन कागद जुळवायचे: पीओ, म्हणजे आपण काय मागवलं, जीआरएन, म्हणजे गोदामात काय आलं, आणि बिल, म्हणजे पैसे कशाचे मागितले. तिन्ही जुळले की बिल पुढे जातं. नाही जुळले तर खरेदी खात्याला मेल, पुरवठादाराला फोन आणि पाठपुरावा.

आता बिल वाचणारं सॉफ्टवेअर आकडे स्वतः उचलतं. प्रत्येक आकड्याबद्दल आपल्याला किती खात्री आहे, हेही ते सांगतं. खात्री कमी असेल तर ते बिल माणसाकडे जातं. बाकीची बिलं बॉट सिस्टिममध्ये भरतो आणि तिन्ही कागद जुळवतो.

इथे एक हिशोब करून पाहू. आकडे समजण्यासाठी घेतलेत. समजा, दिवसाला 1000 बिलं येतात. त्यातली 700 सरळ, प्रत्येकी 4 मिनिटांची. 300 अडलेली, प्रत्येकी 12 मिनिटांची. एकूण 6400 मिनिटं. एक माणूस दिवसात 7 तास नेटानं काम करतो असं धरलं, तर साधारण 15 माणसं लागतात. आता सरळ 700 बिलं बॉटनं घेतली. उरली 3600 मिनिटं, म्हणजे 9 माणसं. तेव्हा "सत्तर टक्के काम ऑटोमेट झालं" असं कोणी सांगितलं, तर सत्तर टक्के माणसं कमी झाली असा अर्थ होत नाही. या हिशोबात 15 पैकी 6, म्हणजे चाळीस टक्के झाली. पण ही सहा माणसं कोण, ते बघा. सरळ बिलं नवीन मुलांना देत असत. त्यातूनच ती सहा-आठ महिन्यांत तयार होत आणि मग अडलेल्या बिलांवर बसत. आता पहिल्या दिवसापासून अडलेलंच बिल समोर येतं. म्हणून कंपनी नवखा घेत नाही, अनुभवी मागते. आणि अनुभव घ्यायची जागा मात्र तिनेच बंद केलेली असते. मला यातली हीच गोष्ट सगळ्यात जास्त खटकते.

याची बातमी होत नाही, कारण सहसा कोणाला काढावं लागत नाही. बीपीओत मुलं तशीही नोकऱ्या सोडत असतात. गेलेल्याची जागा भरायची नाही, एवढं पुरतं. शिवाय पूर्वी ग्राहक कंपनी माणशी पैसे देई. आता पुष्कळ करार बिलामागे दराचे असतात. माणसं वाढवली की कमाई वाढायची, ते गणितच उलटं झालं.

मग माणूस लागतो कुठे? एक उदाहरण. वकिलाच्या फीचं बिल आलं, नंबर INV-0045. पैसे पोचायला उशीर झाला म्हणून त्यांच्या ऑफिसनं तेच बिल पुन्हा पाठवलं, नंबर मात्र INV0045. सिस्टिम नंबर अक्षरशः जुळवून बघत असेल तर तिला ही दोन वेगळी बिलं वाटतात. फीच्या बिलाला बहुधा पीओ नसतो, जीआरएन तर नसतोच. त्यामुळे तिहेरी जुळणीतही ते अडकत नाही. वरिष्ठांची मंजुरी असते, पण शंभर बिलांच्या यादीत ती एका क्लिकनं मिळते. पैसे दोनदा जातात. बॉट चूक झाल्याचं सांगत नाही, कारण त्याच्या लेखी चूक झालेलीच नसते. पुरवठादाराच्या खातेउताऱ्याशी ताळा घेतला, तरच ते सापडतं. हो, यावरही सॉफ्टवेअर निघालंय, पण त्यानं दाखवलेल्या संशयित जोडीतली खरी दुबार कुठली, हे शेवटी कोणीतरी दोन्ही कागद उघडूनच ठरवतं.

तेव्हा बाई, मुलगा मुलाखतीला जाईल तेव्हा त्याला एवढं विचारायला सांगा: काम बिलं भरायचं आहे की अडलेली सोडवायचं? आणि पहिले सहा महिने शिकवणार कोण? "भरायचं" असं उत्तर आलं, तर ती खुर्ची फार दिवस राहणार नाही. जाण्याआधी त्याला गावातल्याच एखाद्या कर सल्लागाराकडे किंवा दुकानदाराकडे बसवा आणि पुरवठादारांच्या खात्यांचा महिन्याचा ताळा हातानं करायला लावा. आपल्या बाजारपेठेत हे शिकवणारे दोघं-तिघं तरी आज या सभागृहात बसलेत.